सारखे दिसणारे रविवार

माझ्या नवऱ्याला घरातला कुठलाही निर्णय ऑफिसातल्या मीटिंगसारखा घ्यायची सवय आहे. फ्रिज बदलायचा असो की दिवाळीत पुण्याला जायचं असो, तो आधी समस्या सांगतो, मग पर्याय सांगतो आणि शेवटी त्याच्या मनात पहिल्यापासून जे असतं तेच ठरतं. मला हे लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. तरीही मी दरवेळी समोर बसायचे आणि आपलं मत विचारात घेतलं जातंय असं मानून बोलायचे. हार्ड डिस्कच्या बाबतीतही तेच झालं.

मी फोटोग्राफर आहे. गुडगावला आलो तेव्हा, म्हणजे त्याचं गुरुग्राम व्हायच्या कितीतरी आधी, इथे बिल्डरांची नुसती झुंबड उडाली होती. प्रत्येकाला ब्रोशर हवं असायचं, आणि ब्रोशरमध्ये हिरवळ आणि हसणारं कुटुंब हवं असायचं. हिरवळ मी सुलतानपूरच्या बाजूला जाऊन काढायचे, कुटुंब भाड्याने मिळायचं. त्या कामावर माझं बरं चाललं. विश्वजितची नोकरी सायबर सिटीत होतीच. पण माझं खरं काम वेगळं होतं, आणि ते मी आमच्या बाल्कनीतून करायचे.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. समोर तेव्हा मोहरीचं शेत होतं. डिजिटल कॅमेरा घेतला त्या हिवाळ्यात मी एका रविवारी सकाळी सहज त्या शेताचा फोटो काढला. पुढच्या रविवारी त्याच जागेवरून पुन्हा काढला, आणि मग ते लागलंच. ट्रायपॉडचे तीन पाय कुठे ठेवायचे त्याच्या खुणा मी फरशीवर ऑइलपेंटने केल्या होत्या. चौकट तीच, लेन्स तीच, वेळ साधारण तीच. शेताभोवती पत्रे आले, मग खड्डा आला, खड्ड्यात पाणी साचलं आणि त्यात म्हशी बसल्या. मग टॉवर वर येऊ लागला. मजुरांच्या झोपड्या आल्या आणि गेल्या. टॉवर पुरा झाला, बाल्कन्यांत कपडे वाळू लागले. चौदा वर्षं मी हे केलं. मी आजारी असले की विश्वजितने बटण दाबलंय, गावाला गेलो की शेजारच्या कौरआंटींनी दाबलंय. एका रविवारचा एकच फोटो. लागोपाठचे दोन फोटो ओळीने पाहिले तर कोणालाही फरक सापडणार नाही. फरक वर्षाच्या ओळीत दिसायचा. माझं सगळं म्हणणं त्या ओळीत होतं.

हे सगळं हार्ड डिस्कवर होतं. माझ्या कपाटात साड्यांच्या खालच्या कप्प्यात सगळ्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर काय आहे ते लिहिलेलं. ब्रोशरची कामं, लग्नं, आणि ‘रविवार’. रविवारच्या तेवढ्या दोन प्रती मी ठेवल्या होत्या, दोन वेगळ्या डिस्कवर. बाकीच्या कामाची एकेकच.

मग एका उन्हाळ्यात रविवारच्या त्या दोनपैकी जुनी डिस्क लॅपटॉपला लावली तर ती बराच वेळ दिसेचना, आणि आतून टक टक असा आवाज येऊ लागला. विश्वजितने ताबडतोब तिची वायर काढली. ते त्याने बरोबर केलं, हेही सांगायला हवं. असा आवाज येत असताना ती चालू ठेवली तर आतलं आणखी खराब होतं. आम्ही ती घेऊन दिल्लीला, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं की आतला वाचणारा भाग बिघडलाय, धूळ नसलेल्या खोलीत उघडून दुसऱ्या डिस्कचा भाग बसवावा लागेल, बहुतेक डेटा निघेल. आणि जो आकडा सांगितला त्यात एक नवी लेन्स आली असती.

“दुसरी कॉपी आहे ना?” विश्वजित म्हणाला. “मग कशाला?”

मलाही ते पटलं. डिस्क तशीच घरी आणली आणि कपाटात ठेवली.

त्यानंतर मीटिंग झाली. डायनिंग टेबलावर, चहा आणि कागद घेऊन.

“हे बघ नंदू,” तो म्हणाला. माझं नाव राजनंदिनी, तो नंदू म्हणतो. “डिस्क किती वर्षं चालेल याची काही गॅरंटी नाही. तीन-चार वर्षांनंतरचं सगळं बोनस. तुझ्या निम्म्या डिस्क त्याहून जुन्या आहेत. आणि सगळ्या एकाच कपाटात. आग लागली, पाणी गळलं, चोरी झाली, तर सगळंच गेलं. क्लाउडवर टाक. ते लोक आपल्या डेटाच्या तीन-तीन कॉपी ठेवतात.”

“आणि पैसे द्यायचं थांबलं की?”

“तर काही दिवस वाट बघून काढून टाकतात. पण आपण थांबणार आहोत का?”

“म्हणजे जन्मभराचं भाडं.”

“डिस्कलाही पैसे लागतातच की. दर चार वर्षांनी नव्या घ्यायच्या, सगळं कॉपी करत बसायचं, तेही दोन-दोन प्रती. हिशेब केला तर फार फरक पडत नाही.”

मी आणखी बरंच बोलले. आपल्या सोसायटीचं इंटरनेट, महिन्याची मर्यादा ओलांडली की गोगलगाय होणारं. इतकं सगळं वर चढवायला महिने जातील. अकाउंट कोणाच्या नावावर, पासवर्ड हरवला तर काय. तो प्रत्येक मुद्द्याला ‘बिल्कुल’ म्हणत होता आणि कागदावर लिहीत होता. शेवटी मी अट घातली. सगळं जसंच्या तसं चढवायचं, एकही फोटो लहान करायचा नाही, एकही वगळायचा नाही. आणि मी बघेपर्यंत डिस्क हलवायच्या नाहीत.

“अरे यार, तुझे फोटो आहेत,” तो म्हणाला. “मी कोण वगळणारा?”

हे वाक्य मी विसरलेली नाही.

त्याने खरंच खपून काम केलं. आमची मुलगी तेजश्री तेव्हा फरीदाबादला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. सुट्टीत आली की तीही त्याला मदत करायची. त्याचा जुना लॅपटॉप कोपऱ्यात दिवसरात्र चालू असायचा, वर टेबलफॅन. दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी त्याने जाहीर केलं की झालं. मी बसले आणि उघडून पाहिलं. एक लग्न उघडलं, व्यवस्थित. द्वारका एक्सप्रेसवेचं एक ब्रोशर उघडलं, व्यवस्थित. रविवारच्या फोल्डरमधला खड्ड्यातल्या म्हशींचा फोटो उघडला, मोठा करून पाहिला. शिंगांवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी त्याच्या आवडीची थालीपीठं केली.

मग त्याने डिस्कचा विषय काढला. त्याच्या ऑफिसात दरवर्षी जुनं इलेक्ट्रॉनिक सामान गोळा करायला एक कंपनी यायची. ते डिस्कचा चुरा करतात आणि तसं प्रमाणपत्र देतात.

“राहू दे ना कपाटात,” मी म्हटलं. “जागा थोडीच खातायत.”

“क्लायंटचा डेटा आहे त्यात, लोकांची लग्नं आहेत. उद्या कुठे भंगारात गेल्या तर? आणि जुन्या झाल्यात त्या, नंदू. त्यांच्यावर भरवसा ठेवून तू परत निष्काळजी राहशील.”

दोन आठवडे तो हेच घोकत राहिला. सकाळी दाढी करताना, गाडीत, सिटी सेंटरला भाजी घेताना. इतकं काय अडलंय याचं, असं मला एकदा वाटलंही. पण विश्वजितला पसारा सहन होत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून सोडून दिलं. एका सोमवारी तो सगळ्या डिस्क एका पिशवीत घालून घेऊन गेला. टक टक करणारीसुद्धा.

पुढच्या हिवाळ्यात कौशल्या आमच्या घरी आली. ती मूळची तमिळ, दिल्लीतच वाढलेली, दक्षिण दिल्लीत एक छोटी गॅलरी चालवते. नव्या उपनगरांवर ती एक प्रदर्शन करत होती आणि कोणाकडून तरी माझ्या रविवारांबद्दल तिने ऐकलं होतं. बाल्कनीतल्या फरशीवरच्या खुणा तिने वाकून पाहिल्या. मग म्हणाली, “मुझे एक पूरी दीवार चाहिए. हर साल की एक लाइन, हर लाइन में सारे संडे. बीच में कुछ मत छोड़ना, वो जो कोहरे में बिल्डिंग गायब हो जाती है, वो भी. वही तो चाहिए.”

अख्खी भिंत. मी एकोणीसशे सत्त्याण्णवपासून या धंद्यात आहे, आणि माझं नाव घेऊन मला कोणी भिंत दिली नव्हती. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, आणि मग लॅपटॉप उघडला.

पहिलं वर्ष उघडलं. नऊ फोटो होते.

मला वाटलं सगळे दिसायला वेळ लागतोय. पान पुन्हा लोड केलं. नऊच. पुढचं वर्ष, अकरा. टॉवर वर येत होता ती वर्षं जरा बरी होती, तरी निम्मेसुद्धा नव्हते. टॉवर पुरा झाल्यानंतरच्या एका सबंध वर्षात चारच. धुक्याचा प्रत्येक हिवाळ्यात एकेक. मी दुसऱ्या फोल्डरांत शोधलं, कचऱ्याच्या डब्यात शोधलं. डबा रिकामा होता. तिथे टाकलेलं महिन्याभराने आपोआप पुसलं जातं, आणि इथे तर वर्ष उलटून गेलं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून एकेक वर्ष मोजलं.

तो शनिवार होता. विश्वजित बाहेरून आला, तेजश्रीही वीकेंडला घरी होती. मी चहा केला आणि तिघं बसल्यावर विचारलं, “रविवारचे बाकीचे फोटो कुठे आहेत?”

त्याने कप खाली ठेवला. “कुठले बाकीचे?”

“प्रत्येक वर्षी बावन्न असतात.”

“अच्छा, ते.” तो सावरून बसला. “अगं, सगळं दोन टेराबाइटमध्ये बसत नव्हतं. त्याच्यावरचा प्लॅन थेट दहाचा होता. तीनसाठी दहाचे पैसे का भरायचे? म्हणून मी ते एक सॉफ्टवेअर लावलं, सारखे फोटो शोधणारं. तू लग्नात एकेका पोजचे वीस फोटो काढतेस. ते एकेक गट करतं, त्यातला सगळ्यात मोठी फाइल असलेला ठेवतं, बाकीचे काढतं. डिस्कवरच चालवलं, मग उरलं ते अपलोड केलं.”

“रविवारवर पण चालवलंस?”

“सगळ्यावरच चाललं. मी फोल्डर बघून नाही लावलं. आणि नंदू, खरं सांग, तेच तेच फोटो होते ते. एक बिल्डिंग.”

माझा आवाज चढला, आणि चढू दिला. “धुक्याची फाइल लहान होते, विश्वजित. धुक्यात तपशील नसतो म्हणून. तुझ्या त्या सॉफ्टवेअरने माझं सगळं धुकं टाकून दिलं. तू या बाल्कनीत उभं राहून स्वतः बटण दाबलंयस. तुला काय वाटलं, मी काय करतेय? मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून?”

“चूक झाली,” तो म्हणाला. “मान्य आहे. मला आज कळतंय, काय करू?”

चूक मी माफ केली असती. मला राग लवकर येतो तसा लवकर जातोही, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी मनातल्या मनात त्या वाटेला लागलेही होते. चूक आहे, त्याला कळलं नाही, ऑफिसचा माणूस आहे.

तेजश्री इतका वेळ मोबाइल हातात धरून ऐकत होती. आता ती म्हणाली, “पण बाबा, तुम्ही ते रिकव्हर नाही केलं का? मी तेव्हा सांगितलं होतं ना.”

“काय सांगितलं होतंस?” मी विचारलं.

“बाबांनी कॉलेजमध्ये फोन केला होता. हार्ड डिस्कवरनं डिलीट झालेलं परत येतं का. मी म्हटलं, बिल्कुल येतं, जोपर्यंत त्यावर नवीन काही राइट नाही करत. डिस्क बाजूला ठेवा, हात नका लावू. आणि ती दुसरी, टक टकवाली, तिच्यात तर सगळंच असणार ना, फक्त ते खर्चवालं काम होतं.” ती माझ्याकडे बघून गोंधळली. “आई, मला वाटलं तुला माहितीये. ते काय म्हणतात, कोहऱ्याचे फोटो... मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय.”

“हा फोन कधी आला होता?”

“दिवाळीनंतर. माझी सेमिस्टर चालू होती.”

दिवाळीनंतर. म्हणजे मी म्हशींचा फोटो मोठा करून बघितला त्याच सुमारास. डिस्क तेव्हा माझ्या कपाटात होत्या, साड्यांखाली. दोन्ही. पुसलेले रविवार एकीत होते, नुसते झाकल्यासारखे, कोणीतरी काढेल म्हणून थांबलेले. आणि दुसरीत सगळेच्या सगळे होते. त्याला ते माहीत होतं. मुलीकडून त्याने नीट विचारून घेतलं होतं, आणि मग दोन आठवडे दाढी करता करता, भाजी घेता घेता माझ्या मागे लागला होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

“तुला आज नाही कळलं,” मी म्हटलं.

“तू परत नेहरू प्लेसला नेलं असतंस,” तो हळूच म्हणाला. “परत तो खर्च. आणि तुझं ते तोंड. वर्षभर ऐकवलं असतंस मला. मला वाटलं, कोण बघतंय आता ते जुने फोटो. तू कधी उघडत पण नव्हतीस.”

“म्हणून चुरा केलास.”

“प्रमाणपत्र आहे,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं, कारण त्याने हाताने चेहरा झाकला.

“त्या रविवारांना किती जागा लागली असती?” मी तेजश्रीला विचारलं. मला माहीत होतं, पण त्याने ऐकावं असं वाटलं.

तिने मनात हिशेब केला. “चौदा वर्षांचे? वीस जीबी असेल. पेन ड्राइव्हवर मावले असते, आई.”

मग मी त्याच्या लॅपटॉपवरून क्लाउडवर आणखी एक गोष्ट पाहिली, पाहायला नको होती तरी. त्याच्या ऑफिसच्या क्रिकेट टीमचे व्हिडिओ. वर्षानुवर्षांचे, एकूण एक सामने, कोणी एका टोकाला ट्रायपॉड लावून दुपारभर चालू ठेवलेले. त्यातला एकही त्याने वगळला नव्हता. माझ्या सगळ्या रविवारांच्या कितीतरी पट जागा त्यांनी व्यापली होती. त्याला ते सारखे वाटले नव्हते.

कौशल्याला मी सोमवारी फोन करून खरं ते सांगितलं. मधले फोटो गेले, उरलेत ते इतके. ती म्हणाली, “बैकअप नहीं था?” मी म्हटलं, था. यावर तिने विषय बदलला. चार-पाच सुटे फोटो छान आहेत, बघू, म्हणाली. महिन्याभराने कळलं की ती भिंत तिने फरीदाबादच्या कारखान्यांचे फोटो काढणाऱ्या एका पोराला दिली. मी प्रदर्शनाला गेले. काम चांगलं होतं त्याचं. त्यामुळे जास्तच लागलं.

विश्वजित त्या दिवसांत फार चांगला वागला. दहाचा प्लॅन घेऊ म्हणाला, माझ्या नावावर. नवी डिस्क घेऊ, महागातली, जिच्यात फिरणारं काही नसतं ती. समोरच्या टॉवरचे फोटो परत सुरू कर, मी स्वतः दर रविवारी उठून काढतो, असंही म्हणाला. मी त्याला बाल्कनीत नेऊन टॉवर दाखवला. तिथे आता काही होत नव्हतं. बाल्कन्यांना जाळ्या लागल्या होत्या, एसीची यंत्रं लटकत होती, आणि पुढची तीस वर्षं ते असंच दिसणार होतं. तो म्हणाला, हो, खरंय. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मला त्याचा उपयोग नव्हता.

मी माझ्या पैशांनी दोन साध्या डिस्क आणल्या. उरलेलं सगळं दोन्हीवर उतरवलं, आणि फोल्डर मिळवून, आकडे मिळवून पाहिले. क्लाउड ठेवला, पण नवीन अकाउंट काढून. डिस्क बिघडते हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं, आणि रागापायी मी परत एकाच ठिकाणी सगळं ठेवणार नव्हते. पासवर्ड फक्त मला माहीत आहे. एक डिस्क माझ्या कपाटात ठेवली. दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार होते. बँकेपर्यंत गेलेही, रजिस्टरमध्ये सही करताना लक्षात आलं की लॉकर आम्हा दोघांच्या नावावर आहे. डिस्क पर्समध्ये घालून परत आले आणि दुसऱ्या दिवशी ती दुसरीकडे ठेवली.

पुढच्या रविवारी नाश्त्याला विश्वजितने सहज विचारलं, “दुसरी कॉपी कुठे ठेवलीस?”

“आहे एका ठिकाणी.”

“लॉकरमध्ये?”

“नाही.”

तो पोह्यांवर लिंबू पिळत होता, ते थांबलं. “मला सांगणार नाहीस?”

मी चहाची किटली उचलली. मग त्याने ते विचारलं, जे इतक्या वर्षांत त्याने शंभरदा विचारलं असेल, किल्ल्या शोधताना, घाटात गाडी चालवताना, हसत हसत, उत्तर ठाऊक असल्यासारखं.

“माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

“नाही,” मी म्हटलं.

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. मी त्याच्या कपात चहा ओतला. त्याला किती साखर लागते ते मला अजूनही माहीत होतं, तेवढीच घातली, आणि त्याचा मला इतका संताप आला की मी माझा कप घेऊन आत निघून गेले.